मिरची विकावी की तिखट? भिवापूरच्या उदाहरणातून नफा-तोट्याचा हिशेब

भिवापूरची लालभडक मिरची भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. उमरेड, कुही, भिवापूर या पट्ट्यात मिरचीचे देठ खुडणारे सातरे आजही हंगामात शेकडो हातांना काम देतात. त्यामुळे इथल्या बचत गटाला किंवा शेतकरी कुटुंबाला कधी ना कधी एक प्रश्न पडतोच: वाळलेली मिरची पोत्यात भरून विकण्यापेक्षा तिखट करून पाकिटात विकले तर?

याचे उत्तर बहुतेक वेळा तोंडी हिशेबाने दिले जाते. मिरची १७० रुपये किलो, तिखट ३०० रुपये किलो, म्हणजे किलोमागे १३० रुपये सुटले. हा हिशेब चुकीचा आहे. त्यात प्रत्यक्षात १३० नव्हे, ५० रुपयेच सुटतात आणि तेही सगळे ठीक चालले तर. हे कसे, आणि भाव थोडे हलले की या ५० रुपयांचे काय होते, ते मोबाईलवरच्या साध्या स्प्रेडशीटमध्ये पाहू. पुढचे सर्व आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. रीत समजून घ्या आणि त्या जागी तुमच्या गावचे, तुमच्या पावत्यांवरचे आकडे टाका.

आधी उतारा मोजा

१०० किलो वाळलेल्या मिरचीपासून १०० किलो तिखट होत नाही. देठ जातो, पांढरी पडलेली आणि डागी मिरची बाजूला काढावी लागते, दळण्यापूर्वी पुन्हा ऊन दिले की ओल उडते, थोडी पूड यंत्रात आणि हवेत जाते. आपल्या उदाहरणात देठाचे ७ किलो, खराब मिरचीचे ४ किलो, ओल आणि उडालेली पूड मिळून ४ किलो धरले आहेत. हाती आले ८५ किलो. म्हणजे उतारा ८५ टक्के, आणि १७० रुपयांची मिरची तिखटाच्या किलोमागे २०० रुपयांना पडली. तोंडी हिशेबातले ३० रुपये इथेच गळले.

उतारा अंदाजाने धरू नका. २० किलोचा एक लॉट घ्या आणि चार वेळा वजन करा: पोते उघडल्यावर, देठ काढून निवडल्यावर, उन्हातून उचलल्यावर आणि दळून चाळल्यावर. कोणत्या टप्प्यावर किती गळते ते लगेच कळते. यंत्र नवीन किंवा नुकतेच स्वच्छ केलेले असेल तर पहिल्या लॉटची बरीच पूड आत अडकते, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या लॉटची सरासरी धरा.

सगळ्यात जास्त फसवते ती ओल. देठ खुडताना मिरची तुटू नये, ठसका कमी व्हावा म्हणून तिच्यावर पाणी शिंपडतात. ते पाणी तुम्ही मिरचीच्या भावाने विकत घेता. १५ टक्के ओलीची १०० किलो मिरची १० टक्क्यांवर आणली की वजन सुमारे साडेचौऱ्याण्णव किलो भरते. साडेपाच किलो नुसते पाणी. आणि ती वाळवावीच लागते, कारण अन्न सुरक्षा नियमांनुसार तिखटात ११ टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही, शिवाय ओल्या तिखटाला पाकिटात बुरशी धरते. घेताना मूठभर मिरची कानाजवळ हलवून पाहा. नीट वाळलेल्या मिरचीत बी खुळखुळते आणि वाकवली की ती तडकते. चामड्यासारखी नुसती वाकली तर भाव पाडून मागा, नाही तर सोडून द्या.

दोन प्रकारचे खर्च

काही खर्च तिखटाच्या प्रत्येक किलोसोबत वाढतात. मिरचीचे २०० रुपये झाले. देठ खुडण्याची मजुरी मिरचीच्या किलोमागे साडेआठ रुपये दिली, तर ८५ टक्के उताऱ्याने ती तिखटाच्या किलोमागे १० रुपये पडते. वीज आणि यंत्राची किरकोळ देखभाल ४ रुपये, पाव किलोची चार पाकिटे आणि लेबल १४ रुपये, दुकानापर्यंत पोहोचवणे १० रुपये. हे झाले ३८.

यात आणखी एक खर्च असतो, जो कागदावर बहुतेक कोणी लिहीत नाही: साठ्यावरचे व्याज. मिरची घ्यायची जानेवारी ते मार्चमध्ये आणि तिखट विकायचे वर्षभर. माल सरासरी सहा महिने घरात पडून राहतो. महिना १ टक्का व्याज धरले तर २०० रुपयांवर १२ रुपये होतात. पैसे स्वतःचे असले तरी ते धरावे, कारण तेच पैसे बँकेत किंवा दुसऱ्या पिकात लागू शकले असते. एकूण बदलता खर्च झाला २५० रुपये.

दुसरे खर्च एक किलो विका की तीन हजार, तेवढेच राहतात. उदाहरणात वर्षाचे असे धरले आहेत: खोलीचे भाडे २४,०००, काम पाहणाऱ्या एका व्यक्तीचे महिना ५,००० प्रमाणे ६०,०००, दोन लाखांच्या कांडप यंत्र, काटा व सीलिंग मशीनची दहा वर्षांत विभागलेली झीज २०,०००, यंत्राच्या कर्जाचे व्याज १०,००० आणि परवाना, तपासणी, विमा मिळून ६,०००. बेरीज १,२०,००० रुपये. ‘घरचीच माणसं काम करतात’ म्हणून ते ६०,००० गाळू नका. ते गाळले की नफा दिसतो तो प्रत्यक्षात त्या बाईची न दिलेली मजुरी असते.

तिखट दुकानदाराला ३०० रुपये किलोने जाते असे धरू. हा भाव जीएसटी वगळून, दुकानदाराचे कमिशन सोडून तुमच्या हाती येणारा असावा. पाकिटावर छापलेली किंमत इथे टाकायची नाही. ३०० मधून २५० गेले, राहिले ५०. या पन्नासातून १,२०,००० फेडायचे तर २,४०० किलो विकावे लागतील. हाच ना नफा, ना तोटा बिंदू. महिन्याला २०० किलो, म्हणजे पाव किलोची ८०० पाकिटे. यंत्र तासाला २५ किलो दळत असेल तर वर्षाचे दळण शंभर तासांत उरकते. अडचण दळण्याची नाही, महिन्याला ८०० पाकिटे कोण घेणार याची आहे.

शीट मांडू

गुगल शीट्स किंवा एक्सेल, कोणतेही चालेल. A स्तंभात नाव आणि B स्तंभात आकडा लिहा. आकडे इंग्रजी अंकांतच टाका. देवनागरी अंक टाकले तर शीट त्यांना अक्षरे समजू शकते आणि सूत्र चुकते.

```
B1   मिरचीचा भाव, रु./किलो          170
B2   उतारा                          0.85
B3   देठ खुडणे, तिखटाच्या किलोमागे   10
B4   वीज, देखभाल                    4
B5   पाकीट, लेबल                    14
B6   पोहोच                          10
B7   साठ्याचे सरासरी महिने           6
B8   महिन्याचे व्याज                 0.01
B9   तिखटाचा भाव, रु./किलो           300
B10  वर्षाचा स्थिर खर्च              120000
B11  अपेक्षित विक्री, किलो            3000
```

याखाली सूत्रे:

```
B12  =B1/B2
B13  =B12*B7*B8
B14  =B12+B13+SUM(B3:B6)
B15  =B9-B14
B16  =IF(B15<=0,"नाही",ROUND(B10/B15,0))
B17  =B15*B11-B10
```

B15 म्हणजे किलोमागे उरणारा फरक, B16 म्हणजे किती किलो विकल्यावर तोटा संपतो आणि B17 म्हणजे वर्षाचा नफा किंवा तोटा. वरील आकड्यांवर B15 मध्ये 50, B16 मध्ये 2400 आणि B17 मध्ये 30000 आले पाहिजे. आले नाही तर टंकनात चूक आहे. नेहमीची चूक एककाची असते. बाजार समितीचे भाव क्विंटलचे असतात. १७,००० रुपये क्विंटल म्हणजे B1 मध्ये 170.

B16 मधील `IF` वगळू नका. फरक उणे झाला की साधा भागाकार उणे किलो दाखवतो आणि घाईत तो आकडा खरा वाटतो. खर्च विक्रीभावापेक्षा जास्त असेल तर कितीही विकले तरी तोटा संपत नाही, म्हणून तिथे ‘नाही’ असेच दिसायला हवे.

एकेक आकडा हलवून पाहा

आता एका वेळी एकच आकडा बिघडवा, B17 पाहा आणि तो पुन्हा जागेवर आणा. स्थिर खर्च १० टक्क्यांनी वाढवला तर नफा ३०,००० वरून १८,००० होतो. पाकिटाचा खर्च १० टक्क्यांनी वाढवला तर २५,८००. म्हणजे भाडे आणि पाकीट यांवर घासाघीस करून फार काही हलत नाही.

मिरचीचा भाव १० टक्क्यांनी, १७० वरून १८७ करा. नफ्याऐवजी ३३,६०० रुपये तोटा. तिखटाचा भाव १० टक्के उतरवून २७० करा. तोटा ६०,०००, आणि बिंदू २,४०० किलोवरून ६,००० किलोवर. उतारा फक्त पाच अंकांनी, ८५ वरून ८० केला तरी ९,७५० रुपये तोटा. मिरचीचा भाव तुमच्या हातात नाही, पण उतारा बऱ्यापैकी आहे. म्हणूनच वर ओलीवर इतके लिहिले.

असे का होते? ३०० रुपयांच्या तिखटात २५० रुपये बदलता खर्च आहे आणि त्यातले दोनशे एकट्या मिरचीचे. पन्नासचा फरक दोन मोठ्या आकड्यांच्या मधल्या फटीतून येतो. त्यातला कोणताही आकडा थोडा सरकला की फट अर्धी होते.

दोन्ही भाव एकत्र

खऱ्या बाजारात एकच भाव हलत नाही, म्हणून दोन्हींचा तक्ता करा. D3 पासून खाली मिरचीचे भाव 150, 170, 190, 210 आणि E2 पासून उजवीकडे तिखटाचे भाव 280, 300, 320, 340 लिहा. E3 मध्ये हे सूत्र टाकून सगळ्या चौकटीत ओढा:

```
=IF(E$2-($D3/$B$2*(1+$B$7*$B$8)+SUM($B$3:$B$6))<=0,"नाही",
ROUND($B$10/(E$2-($D3/$B$2*(1+$B$7*$B$8)+SUM($B$3:$B$6))),0))
```

`$` चिन्हे नेमकी अशीच ठेवा. एखादे सुटले तर ओढताना संदर्भ सरकतो. तपासणी सोपी आहे: १७० आणि ३०० च्या घरात 2400 आले पाहिजे.

| मिरची ↓ / तिखट → | २८० | ३०० | ३२० | ३४० |
|---|---|---|---|---|
| १५० | २,१८४ | १,६०१ | १,२६४ | १,०४४ |
| १७० | ४,००० | २,४०० | १,७१४ | १,३३३ |
| १९० | २३,७२१ | ४,७८९ | २,६६३ | १,८४४ |
| २१० | नाही | १०,२०,००० | ५,९६५ | २,९९१ |

हे किलो आहेत. २१० ला मिरची घेऊन ३०० ला तिखट विकले तर किलोमागे बारा पैसे उरतात आणि शीट निमूटपणे दहा लाख वीस हजार किलो विकायला सांगते. असा आकडा दिसला की त्याचा अर्थ ‘नाही’ असाच घ्या.

तक्त्यात वरून डावीकडून खाली उजवीकडे तिरके पाहा: २,१८४, २,४००, २,६६३, २,९९१. मिरची २० रुपयांनी वाढली आणि तुम्हीही तिखट २० रुपयांनी वाढवले, तर बिंदू फार हलत नाही, पण दर वेळी थोडा वर जातो. कारण मिरचीचे २० रुपये उतारा आणि व्याज धरून तिखटात जवळजवळ २५ रुपये होतात. मिरचीच्या भाववाढीला सव्वाने गुणा आणि तेवढी वाढ तिखटात करा. ‘मिरची जेवढी वाढली तेवढेच वाढवले’ म्हणणारा दर वर्षी थोडा मागे पडतो.

भिवापुरी नावाचा माल विकणाऱ्यांना हा सव्वाचा हिशेब सगळ्यात जास्त लागतो. समजा मिश्र मिरची १७० ला मिळते आणि खात्रीची भिवापुरी २१० ला. तिचे तिखट ४० रुपये जास्त दराने, ३४० ला विकले, तर बिंदू २,४०० वरून २,९९१ किलोवर जातो. नाव मोठे होऊनही धंदा आधीपेक्षा अवघड. बरोबरी साधायला सुमारे ५० रुपये जास्त मिळायला हवेत. आणि पाकिटावर मानांकनाचे नाव छापायचे तर त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते, तिचा खर्च B10 मध्ये धरा.

खरा धोका मात्र तिरक्या रेषेवर नाही, तिच्या खाली डावीकडे आहे. मिरची तुम्ही फेब्रुवारीत १९० ला एकदाच घेतलीत. पुढे भाव उतरले, उशिरा स्वस्तात घेतलेल्यांचे तिखट बाजारात आले आणि दुकानदार २८० वर अडला. २३,७२१ किलोचे घर ते हेच. चढताना तिखटाचा भाव मिरचीमागून हळूहळू जातो, उतरताना मात्र तुमचा साठा जुन्या भावाचाच असतो. म्हणून सगळी मिरची एका आठवड्यात घेऊ नका. ३,००० किलो तिखटासाठी सुमारे साडेतीन हजार किलो मिरची, म्हणजे सहा लाख रुपये लागतात. वर्षाच्या ३०,००० रुपये नफ्यासाठी सहा लाख एका भावावर लावणे किती धोक्याचे, हे त्या एका घरात दिसते.

तक्त्यात भावाची पट्टी किती रुंद ठेवावी? मनाने ठरवू नका. पणन मंडळाच्या किंवा अॅगमार्कनेटच्या संकेतस्थळावरून तुमच्या बाजार समितीचे मागील चार-पाच वर्षांचे जानेवारी ते मार्चचे भाव काढा आणि सगळ्यात कमी व सगळ्यात जास्त भाव पट्टीच्या दोन टोकांना लावा.

घरची मिरची असेल तर

शेतकऱ्याकडून इथे हमखास एक चूक होते. घरच्या मिरचीचा उत्पादन खर्च किलोला १०० रुपये आला म्हणून B1 मध्ये 100 टाकला जातो. बिंदू ८७४ किलोवर येतो आणि तिखटाचा धंदा सोन्यासारखा दिसतो. पण ती मिरची बाजारात १७० ला गेलीच असती. १०० ते १७० मधले ७० रुपये शेताने कमावले, यंत्राने नाही. म्हणून B1 मध्ये बाजारभाव टाका, तोही अडत, हमाली, वाहतूक वजा जाऊन हाती येणारा. यंत्र घ्यावे की नाही याचे उत्तर तेव्हाच खरे मिळते.

लिलावात किती बोलावे

सूत्र उलटे फिरवले की खरेदीची कमाल मर्यादा मिळते. B18 मध्ये हे टाका:

```
=(B9-SUM(B3:B6)-B10/B11)*B2/(1+B7*B8)
```

आपल्या उदाहरणात उत्तर येते १७८ रुपये. ३,००० किलो विक्रीची खात्री असेल तरच हा आकडा लागू, आणि त्यावर घेतले तर नफा शून्य. १७० आणि १७८ मध्ये फक्त आठ रुपये आहेत, हे बाजार समितीत जाण्यापूर्वी कागदावर लिहून खिशात ठेवा. पोत्यात ओल जास्त वाटली तर B2 मध्ये 0.80 टाकून तिथेच पुन्हा पाहा. मर्यादा १६८ च्या खाली येते.

उधारीसाठी B7 वापरा. दुकानदार दोन महिन्यांनी पैसे देत असतील तर 6 च्या जागी 8 करा. फरक ५० वरून ४६ होतो, वर्षाचा नफा ३०,००० वरून १८,०००. बुडीत उधारी वेगळी, तिच्यासाठी B9 मधून तेवढे रुपये कमी करा.

खरेदी झाल्यावर B1 मध्ये प्रत्यक्ष पडलेला सरासरी भाव आणि B2 मध्ये मोजलेला उतारा टाका. मग हलणारे दोनच आकडे उरतात, विक्रीभाव आणि विक्री. सर्व खर्च निघणारा भाव B14 मध्ये B10/B11 मिळवून येतो, इथे २९० रुपये. एखादी खानावळ वर्षाअखेर २७० ने दोनशे किलो मागत असेल आणि तोवर तुमचे २,४०० किलो विकले गेले असतील, तर किलोमागे २० रुपये उरतात, घ्यायला हरकत नाही. फक्त त्याच दराची बातमी ३०० देणाऱ्या दुकानदारांपर्यंत पोहोचणार असेल तर आधी B9 मध्ये 270 टाकून पाहा.